बांगडा गेला, डबा राहिला

प्लास्टिकचा डबा एकदा बांगड्याच्या कालवणाला गेला की तो पुन्हा शाकाहारी होत नाही, असं सासूबाईंचं ठाम मत आहे. म्हणून आमच्याकडे तसल्या डब्यांच्या झाकणावर नेलपॉलिशने ‘मा’ लिहिलेलं असतं. तरीही एखाद्या सोमवारी घाईत त्यातच साबुदाण्याची खिचडी भरली जाते, आणि ऑफिसात डबा उघडताच शेजारची विचारते, “आज बांगडा वाटतं?”

डब्याचा तरी काय दोष! पाण्याशी त्याचं कधीच जमलं नाही. गूळपीठ आहे ते तेलाशी. हळदीचा रंगही पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र चटकन विरघळतो. गरम कालवण ओतलं की तेलाचा हात धरून तो थेट प्लास्टिकच्या अंगात शिरतो. म्हणून कालवण निववून भरावं. रिकामा डबा आधी कोरडं बेसन चोळून पुसावा, मग साबण लावावा. तारेची घासणी नको. तिचे ओरखडे म्हणजे पुढच्या कालवणाला मुरायला केलेली सोय.

वासाचं दुखणं वेगळं. समुद्रातला मासा शिळा व्हायला लागला की त्यात ट्रायमिथाइलअमीन तयार होतं, आणि ते आंबटापुढेच नमतं. आंबट मिळालं की त्याचं उडणं थांबतं, नाकाची वाट सुटते आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो ते उगाच नाही. वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ते डब्यात अर्धा तास ठेवावं. झाकणातली रबरी रिंग काढून तीही त्यात बुडवावी, कारण निम्मा बांगडा तिच्याखालीच दडलेला असतो. व्हिनेगरच्या जोडीला ब्लीच मात्र कधीही घालू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

काहीजणी खाण्याचा सोडा चोळतात. तेव्हा पिवळा डाग लालसर होतो आणि घरात घबराट पसरते. हळदीचं कुंकू होतं ते याच न्यायाने. लिंबू लावलं की डाग परत पिवळा.

वास गेला का, हे उघडा डबा हुंगून कळत नाही. कोरडा करून रात्रभर झाकण लावून ठेवावा आणि सकाळी उघडल्या उघडल्या नाक घालावं. आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे. त्यांच्या निकालावर अपील नाही.

उरतो तो पिवळेपणा. त्याला औषध एकच, ऊन. हळदीचा रंग उजेडात विटतो, म्हणून डबा आतली बाजू वर करून दोन-तीन दिवस गच्चीत ठेवावा. पंचाईत एवढीच, की श्रावणात मासे बंद आणि डबे मोकळे असतात तेव्हा ऊन नसतं. आणि पुढे ऑक्टोबरचं कडक ऊन पडतं तेव्हा एकही डबा मोकळा नसतो.