बाराव्या अक्षरावरचा दम

लग्न ठरले की घरातल्या कुणाला तरी कविता होते. एरवी वाणसामानाच्या यादीपलीकडे काही न लिहिणाऱ्या आत्याबाई अचानक वही उघडून बोटांवर अक्षरे मोजू लागतात. मंगलाष्टक बहुधा शार्दूलविक्रीडितात असते आणि त्याच्या ओळीत एकोणीस अक्षरे लागतात. एकोणीस भरली की आत्याबाई खूश, ऱ्हस्व-दीर्घाच्या जागा जुळल्या की मास्तरमामाही खूश. मग रचना सुबक अक्षरात छापून घेतात, कोपऱ्यात गणपती येतो आणि सगळे ती मनातल्या मनात वाचून ‘छान झालंय हो’ म्हणतात. खरी परीक्षा मुहूर्ताच्या वेळी माइकसमोर होते. तेव्हा अंतरपाट धरलेला असतो आणि खाडाखोडीची वेळ टळून गेलेली असते.

नमुन्यासाठी एक ओळ मीच पाडतो. समजा, नवऱ्या मुलाचे नाव राजेंद्र आहे:

आली ही नवरी सलाज मग राजेंद्रास माला दिली

मोजून घ्या, एकोणीस आहेत. लघू-गुरूही जागच्या जागी आहेत. डोळ्यांनी वाचताना तक्रारीला कुठे जागाच नाही. पण शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती असते, म्हणजे थांबा असतो. बारा अक्षरे म्हणायची, दम घ्यायचा आणि उरलेली सात म्हणायची. आता ही ओळ मोठ्याने म्हणून पाहा. ‘आली ही नवरी सलाज मग रा’ आणि इथे दम! मांडवात शांतता पसरते. नवऱ्या मुलाचे एक अक्षर अलीकडे, बाकीचे पलीकडे. मागच्या रांगेतल्या आजोबांना वाटते, हा ‘रा’ कोण? तोवर गळा साफ करून गायिका ‘जेंद्रास’ नावाच्या भलत्याच इसमाला माळ घालून मोकळी होते.

छंदशास्त्रात याला यतिभंग म्हणतात. शब्द सामासिक असेल आणि यती नेमकी त्याच्या सांध्यावर आली तर कान तक्रार करत नाही. साध्या शब्दाच्या पोटातून सुरी फिरली की मात्र ऐकणारा दचकतो. तो इतका का दचकतो, हेही मोठ्याने वाचल्यावरच कळते. या वृत्ताची पहिली तीन अक्षरे गुरू आहेत, म्हणून सुरुवात ऐटीत, पाऊल मोजत होते. पुढे यतीच्या तोंडाशी मात्र नववे, दहावे आणि अकरावे अशी तीन लघू अक्षरे ओळीने येतात. ‘ज-म-ग’ ही तिन्ही भरभर पळत सुटतात आणि बाराव्या गुरूवर येऊन धापकन बसतात. पळून आलेला माणूस जिथे बसतो तिथे सगळ्यांचे लक्ष जाते. ओळीतली सर्वांत ठसठशीत जागा ती हीच, आणि तिथे आपण अर्धवट ‘रा’ मांडून ठेवला होता.

डागडुजी फार अवघड नाही. नाव उचलून यतीपलीकडे ठेवायचे:

आली ही नवरी सलाज हसुनी, राजेंद्र माला धरी

आता तीन लघू ‘ज-ह-सु’ पळत येतात आणि ‘नी’वर विसावतात. नवरीचे हसू थोडे लांबते, तेवढ्या वेळात लोक तिच्याकडे बघून घेतात आणि मग राजेंद्र अखंड अवतरतो. काव्य म्हणून दोन्ही ओळी सारख्याच सामान्य आहेत, हे मान्य. पण दुसरी म्हणता येते.

मोठ्याने वाचताना आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे आपण रोज गिळत असलेला ‘अ’. बोलताना आपण ‘नवरी’ म्हणत नाही, ‘नव्री’ म्हणतो. ‘सलाज’चा ‘ज’ही पाय मोडून बोलतो. डोळा एकोणीस मोजतो, पण ही दुरुस्त ओळ बातम्यांसारखी वाचली तर जिभेवर सतराच उतरतात. वृत्तात हे गिळलेले ‘अ’ परत करावे लागतात. लग्नात सुशिक्षित काका उभे राहून गद्यात मंगलाष्टक वाचू लागले की काहीतरी लंगडते आहे असे सर्वांना जाणवते, आणि दोष कवीला लागतो.

अक्षरछंदात तर हा हिशेब सरळ उघडा पडतो. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’तला दंडक असा की छंदात ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही, प्रत्येक अक्षर सारखेच लांब म्हणायचे. देवद्वार छंद घ्या. अभंगाचा हा साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. यातही घरगुती नमुना देतो:

दूध उतू गेले । घर जागे झाले ।
फडके धावले । उशिराच ॥

बोलण्यातल्या सवयीने वाचलेत तर ‘दूध्’ आणि ‘घर्’ एकेका अक्षराचे होतात, ‘फड्के धाव्ले’त दोन अक्षरे बुडतात आणि ‘उशिराच्’ तिनावर संपते. पाच, पाच, चार, तीन: स्वयंपाकघरातली साधी बातमी. आता ‘दू-ध-उ-तू-गे-ले’ असे प्रत्येक अक्षर पुरते उच्चारून म्हणा. तीन चरणांत कानाला सहाची सवय लागते. चौथ्यात चारच अक्षरे येतात आणि कान उरलेल्या दोनांची वाट बघत राहतो. भजनात ती जागा लांबवलेला स्वर किंवा टाळ भरून काढतो. वाचताना तिथे नुसता थांबा असतो. गंमत त्या थांब्यातच आहे: ‘उशिराच’ म्हणून झाल्यावर दोन अक्षरांएवढी जी शांतता पडते, तेवढ्यात ऐकणाऱ्याला ओट्यावरचे दूध दिसते. कागदावर त्या जागी दोन दंड असतात. डोळा ते ओलांडून केव्हाच पुढच्या कडव्यात गेलेला असतो.

मोठ्याने वाचण्यातही दोन फसवे लोक भेटतात. पहिली फसवी म्हणजे चाल. गोड चाल लावली की पाडलेल्या ओळीही तरंगतात, कारण सूर लांबवून कुठलेही भोक बुजवता येते. म्हणून आधी चालीशिवाय, फक्त लघू-गुरू आणि थांबे सांभाळून वाचावे. दुसरा फसवा स्वतः कवी. कुठे अडायचे ते त्याला ठाऊक असते. तो तिथे आवाज चढवतो किंवा चष्मा सारखा करतो आणि खड्डा चुकवून निघून जातो.

तेव्हा कागद वृत्त जाणणाऱ्या पण रचना आधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावा आणि आपण पेन्सिल घेऊन समोर बसावे. तो जिथे अडेल, चुकीच्या जागी दम घेईल किंवा तोच शब्द पुन्हा उच्चारेल तिथे खूण करावी. मग दुसऱ्याला वाचायला लावावे. दोघे एकाच जागी अडखळले तर दोष ओळीचा. एकटाच अडखळला तर दोष त्याच्या दमाचा, ओळ तशीच ठेवावी. आत्याबाई मात्र दोन्ही वेळा वाचणाऱ्यालाच दोष देतील. त्यांच्यापुरती खूण पुसून टाकावी आणि छापखान्यात दुरुस्त प्रत पाठवावी.