आग्रहाचं निमंत्रण, पार्किंगसह

म्युच्युअल फंड विकणारे एक नाना तुमच्याही ओळखीत असतील. एसआयपी वाढवा, हे सांगायला त्यांना दोन वाक्यं पुरतात, पण वर्षातून एकदा ग्राहक मेळाव्याला बोलवायचं म्हटलं की दोन पानं कमी पडतात. आमचे नाना कोथरूडचे. मी त्यांचा ग्राहक आणि वर शेजारी, त्यामुळे निमंत्रणाचा मसुदा 'जरा नजरेखालून घालायला' माझ्याकडे येतो. पहिल्या परिच्छेदात वक्ता, विषय, हॉलचं नाव. पुढे सगळं पार्किंग.

"अहो नाना, लोक बाजाराबद्दल ऐकायला येणार आहेत."

"ऐकतील हो. आधी गाडी तर लागू दे. ज्याची गाडी भलत्या ठिकाणी उभी आहे, तो वक्त्याचं ऐकत नाही. त्याचे कान उचलगाडीच्या भोंग्याकडे असतात."

यावर काही बोलता येत नाही, कारण नानांचं बरोबर असतं. आणि नेमकं हेच डोक्यात जातं.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कित्येक रस्त्यांवर एका बाजूला पी-1 आणि समोर पी-2 अशा पाट्या असतात. विषम तारखेला पी-1 च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-2 च्या. म्हणजे मेळाव्याची तारीख ठरली की रस्त्याची बाजूही ठरली. नानांच्या नेहमीच्या हॉलच्या तळघरात 12 चारचाकी मावतात आणि माणसं येतात शंभराच्या आसपास. बाकीच्यांची भिस्त रस्त्यावर. त्यामुळे इतर लोक तारीख ठरवताना मुहूर्त बघतात, नाना सम-विषम बघतात. हॉलच्या दाराची बाजू पी-1 ची, म्हणून त्यांना विषम तारीख प्रिय. ज्येष्ठांना रस्ता ओलांडावा लागत नाही. 31 आणि 1 या लागोपाठच्या दोन्ही तारखा विषम येतात आणि लोकांचा हिशेब चुकतो, म्हणून महिनाअखेर त्यांनी कायमची वर्ज्य केली आहे.

एका वर्षी मात्र विषम तारीख मिळेना. शनिवार 14 वर समाधान मानून नानांनी निमंत्रणं धाडली, सोबत हाताने काढलेला नकाशा: 'गाडी समोरच्या बाजूस, औषधांच्या दुकानापुढे.' मग वक्त्याची अडचण निघाली आणि मेळावा रविवार 15 वर गेला. नानांनी तत्परतेने कळवलं, "कार्यक्रम उद्याऐवजी परवा, बाकी सर्व तेच." त्या 'बाकी सर्व तेच'ने घात केला. नकाशा चौदाचा, तारीख पंधराची. ग्राहक आज्ञाधारक. सगळ्यांनी औषधांच्या दुकानापुढे शिस्तीत दुचाकी लावल्या आणि महागाईवर मात कशी करावी हे ऐकत असताना एकेक दुचाकी टेम्पोवर चढली. नानांनी सगळ्यांचा दंड स्वतःच्या खिशातून भरला. तेव्हापासून तारीख बदलली तर ते जुन्या निमंत्रणाला ठिगळ लावत नाहीत. जुनं मागे घेतात, नवं अख्खं लिहितात, पहिल्याच ओळीत 'तारीख बदलली आहे' असं घालतात आणि 'येणार' म्हणालेल्या प्रत्येकाला पुन्हा विचारतात. शनिवारी मोकळा असलेला माणूस रविवारी मोकळा असेलच असं नाही, हे त्यांना त्या वर्षी उरलेल्या जेवणाने शिकवलं.

पेहरावाचं त्यामानाने लवकर मिटलं. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी एकदा 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलं. एक काकू पैठणी नेसून आल्या, एक निवृत्त साहेब टेकडीवरून थेट हाफ पॅन्टमध्ये. शिवाय आठवडाभर फोन: "म्हणजे नेमकं काय घालायचं हो?" आता ते लिहितात, 'ऑफिसला किंवा बँकेत जाताना घालता तेच कपडे चालतील. हॉलमधला एसी कडक असतो, शाल आणावी.' एकही फोन येत नाही.

वेळेचंही तसंच. नुसतं 'सायंकाळी 6' लिहिलं की अर्धे पावणेसहाला दारात उभे, कारण हे पुणं आहे, आणि उरलेले साडेसहाला येतात, कारण हेही पुणंच आहे. म्हणून नाना दोन वेळा देतात: चहा साडेपाचपासून, व्याख्यान सव्वासहाला. आणि तिसरं वाक्य, 'तळघरात जागा हवी असल्यास पाचपर्यंत यावे.'

खरी गंमत उत्तराच्या तारखेत आहे. केटररला ताटांचा पक्का आकडा तीन दिवस आधी लागतो. जो आकडा सांगाल त्याचे पैसे, मग कुणी जेवो न जेवो. म्हणजे शनिवारच्या मेळाव्याचा आकडा बुधवारी संध्याकाळी. नाना उत्तराची मुदत त्याच्या आधीच्या रविवारची देतात, कारण मुदतीत निम्मीच उत्तरं येतात. सोमवार-मंगळवार फोन करण्यात जातो. विचारायचं काय, तेही ठरलेलं: येणार का, किती जण, आणि (हा प्रश्न चुकणं शक्यच नाही) वाहन कोणतं. तरी लोक मोबाईलवर नुसते जोडलेले हात पाठवतात. याचा अर्थ 'येतो', 'माफ करा', की 'नाना, पुरे आता'? नाना अशा हातांना अर्धं ताट धरतात. दोन जोडलेले हात म्हणजे एक माणूस. हिशेब बहुतेक वेळा जुळतो, हे मी पाहिलं आहे. एकदा मात्र तारखेला संकष्टी निघाली. चंद्रोदय नऊच्या सुमाराला आणि हॉल नऊला रिकामा करायचा. निम्मी ताटं तशीच परत गेली. तेव्हापासून सम-विषमच्या जोडीला कालनिर्णयही बघितलं जातं.

परवा या वर्षीची यादी तपासायला माझ्याकडे आली. नाना अजून छापील कागदावरच यादी ठेवतात, दर वर्षी एक नवा रकाना जोडून. नावं वाचायचा कंटाळा आला म्हणून मी वाहनाचे रकाने आडवे वाचत गेलो. एका नावापुढे होतं: स्कूटर, स्कूटर, चारचाकी, चारचाकी, रिक्षा. यंदा नानांच्या अक्षरात, 'आणायला जायचे'. दुसऱ्या नावापुढे सुरुवातीला 'दोघे, चारचाकी'. मग 'एकट्या, मुलगी सोडेल'. मग 'मुलगी अमेरिकेत, आपली गाडी पाठवणे'. तळघरातल्या बारापैकी लिफ्टजवळच्या तीन जागा कुणाला द्यायच्या, हे कुणाची गुंतवणूक किती यावर ठरत असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कागदावर पाहिलं तर त्यांतल्या एकीवर ज्यांचं नाव होतं, त्यांनी सगळे पैसे केव्हाच काढून घेतले होते, नातवाच्या फीसाठी.

"हे आता तुमचे ग्राहक कुठे राहिले?" मी विचारलं.

"नाहीत. पण रस्त्यावर गाडी लावून त्यांना चालवणार का?"

मग मी अर्थातच स्वतःचं नाव शोधलं. वाहनाच्या रकान्यात बरीच वर्षं 'दुचाकी' होतं. यंदाही दुचाकीच, पण पुढे बारीक अक्षरात: 'जिना नको. विचारू नये, रागावतील.'

मी यादी परत दिली आणि रागावलो.