मनात विकल्प आला

आमच्या इगतपुरीला बदलाबदलीची जुनी सवय. मुंबईकडून डीसी विजेवर आलेली गाडी इथे थांबायची, तिचे इंजिन सुटायचे, एसीचे इंजिन जोडले जायचे आणि तेवढ्यात प्रवाशांचे दोन वडे, एक चहा आणि शेजाऱ्याशी एक भांडण उरकायचे. पुढे मुंबईचीही वीज एसी झाली आणि तो सोहळा संपला. तेव्हा गाडी तीच राहायची, इंजिन बदलायचे. आता प्रवासी तोच राहतो आणि गाडी बदलते. तीही तो घरी पंख्याखाली पेपर वाचत असताना.

या सोयीचे सरकारी नाव ‘विकल्प’. 2015च्या नोव्हेंबरात दिल्लीहून लखनौ आणि जम्मूकडे जाणाऱ्या गाड्यांवर तिची चाचणी झाली आणि 2017च्या एप्रिलपासून ती देशभर लागू झाली. बारसे करणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. मराठीत ‘मनात विकल्प येणे’ म्हणजे शंका येणे. आमच्या आळीतल्या नानांच्या मनात मात्र तिकीट काढताना कसलाच विकल्प आला नाही. त्यांनी नुसती खूण केली.

झाले असे की नागपूरला नानांच्या भाच्याचे लग्न, रविवारी दुपारी साडेबाराचा मुहूर्त. नानांनी शुक्रवार संध्याकाळच्या गाडीची नाना-नानींची दोन स्लीपर तिकिटे काढली. वेटिंग लागले. स्क्रीनने विचारले, दुसऱ्या गाडीत जागा मिळाली तर चालेल का? आणि खाली गाड्यांची यादी आली. त्यातल्या सातपर्यंत निवडता येतात. नाना पन्नास वर्षे किराणा दुकानात बसलेले. फुकट मिळते ते सोडायचे नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी साती गाड्यांवर खूण केली. गाडीच्या नावापुढे तारीखही असते, हे वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा नानींकडे होता.

तर या सात गाड्या कुठल्या? तुमच्या मूळ गाडीच्या ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने सुटणारी असू शकते, तशीच तब्बल 72 तासांनी सुटणारीही. म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळच्या बदल्यात सोमवारची संध्याकाळ. रेल्वेच्या मते तुम्हाला नागपूरला जायचे आहे आणि नागपूर सोमवारीही तिथेच असते. मुहूर्ताचा रकाना त्या अर्जात नाही. बरे, गाडी मुंबईत एका टर्मिनसऐवजी शेजारच्या दुसऱ्या टर्मिनसवरूनही निघू शकते. चढायचे-उतरायचे स्टेशन जवळच्या स्टेशनांच्या गटातले कुठलेही मिळेल, अशी अट त्या खुणेतच आलेली असते.

विकल्प चालतो तो चार्ट झाल्यावर. मूळ गाडीचा चार्ट तयार होतो आणि त्यात जे पूर्णपणे वेटिंगमध्ये उरले, त्यांचाच विचार होतो. आरएसीला लागलात तर आपल्याच गाडीत अर्ध्या बर्थवर अवघडून बसा. एका पीएनआरवरची सगळी माणसे एकत्र हलतात किंवा कोणीच हलत नाही, त्यामुळे नाना एका गाडीत आणि नानी दुसरीत, असे होत नाही. (हा नियम कळल्यावर नाना थोडे हिरमुसल्यासारखे वाटले.) भाड्यातला फरक रेल्वे मागत नाही आणि परतही देत नाही.

शुक्रवारी सकाळी नानांचा फोन वाजला. कन्फर्म! एस-4, बर्थ 23 आणि 24. नानांनी डबा आणि बर्थ पाहिला, आणि आळीत पेढे वाटले. गाडीचा नंबर आणि तारीख मेसेजमध्ये होतीच, पण आनंदात माणूस आकडे कुठे वाचतो? ती गाडी होती रविवार संध्याकाळची. रविवार संध्याकाळी नागपूरकडे कोण जातो? म्हणून तिथे जागा होती, आणि म्हणूनच नानांना मिळाली. विकल्प रिकाम्या बर्थवर चालतो, आणि जी गाडी सगळ्यांना हवी असते तिच्यात बर्थ रिकामे नसतात.

संध्याकाळी नाना शुक्रवारच्याच गाडीत एस-4मध्ये चढले. 23 नंबरवर एक कुटुंब पुरी-भाजीची पंगत मांडून बसलेले. नानांनी आवाज चढवला, तेव्हा टीसी आला. त्याने आपल्या यंत्रात पाहिले.

“काका, तुम्ही या गाडीत नाही.”

“अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!”

“तुमचं तिकीट परवाच्या गाडीत गेलंय. इथं तुम्ही विनातिकीट.”

नानांनी छापील तिकीट त्याच्या नाकासमोर धरले. गाडीचा नंबर हाच, तारीख आजचीच. टीसी म्हणाला, “याच कागदावर परवाच्या गाडीत बसा, कोणी अडवणार नाही. पण या गाडीत नाही चालत.”

नाना म्हणतात, ऐंशीच्या घरात आल्यावर वेदान्त कळायला लागतो म्हणतात, तो हाच असावा. तिकिटावर ज्या गाडीचा नंबर छापलाय तीच तुम्हाला वर्ज्य, आणि जिचा नंबर त्यावर नाही तिच्यात तुम्ही हक्काचे. नियम असाच आहे. दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की मूळ गाडीत चढणारा विनातिकीट धरला जातो. टीसी भला होता, त्याने दंड न करता नाशिकरोडला उतरवले. रात्रीच्या एसटीने नाना-नानी घरी आले. नानी वाटेत बोलल्या नाहीत. धम्मगिरीला लोक दहा दिवसांच्या मौनासाठी लांबलांबून येतात, नानांना ते एसटीच्या तिकिटात मिळाले.

आता खरी गंमत पैशांची. नानांनी ती खूण केलीच नसती, तर चार्टमध्ये वेटिंग राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द झाले असते आणि क्लार्केजची किरकोळ रक्कम कापून पैसे खात्यात जमा झाले असते. परीक्षेत नापास झाल्यावर फी परत देणारे देशातले हे एकमेव खाते. विकल्पात जागा मिळाली की ते संरक्षण गेले. आता तुम्ही कन्फर्म प्रवासी. तिकीट रद्द कराल तर कन्फर्मचे दर लागतात, गाडीची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते आणि शेवटी हातात काही उरत नाही. त्या गाडीने गेलाच नाहीत, तर टीडीआर भरून निकालाची वाट पाहायची.

म्हणून नानांच्या खर्चाने मिळालेले शहाणपण वाचकांना फुकट देतो. यादीतल्या ज्या गाडीने जाऊन तुमचे काम होईल तिच्यावरच खूण करा, मग ती एकच असली तरी चालेल. लग्न, परीक्षा, मुलाखत असेल तर मुहूर्तानंतर पोचणारी गाडी म्हणजे गाडी नव्हे. आणि चार्ट झाल्यावर पीएनआर तपासताना बर्थच्या आधी गाडीचा नंबर आणि तारीख वाचा.

नाना शनिवारी खासगी बसने निघाले आणि रविवारी सकाळी कंबर धरून मांडवात पोचले. तिकीट रद्द करायचे राहूनच गेले. रविवारी संध्याकाळी ते नागपुरात आहेराची पाकिटे मोजायला बसले होते, आणि गाडी इगतपुरीला वेळेवर आली. एस-4चे 23 आणि 24 रिकामे होते.