पिवळ्या मखमलीचा कोच

जाडजूड कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या करणाऱ्यांचा मला कधी राग येत नाही. लग्नघरात एक मामा असतात. मुहूर्त टळू नये म्हणून ते भटजींच्या कानाशी लागून "गुरुजी, जरा आवरतं घ्या" असं हळूच सांगत असतात. संक्षेपकार मला त्या मामांच्या गोतातला वाटतो. त्याच्या मनात पाप नसतं, फक्त घड्याळ असतं. आणि व्हिक्टर ह्यूगोसारखा गुरुजी बोहल्यापाशी बसला असेल, तर मामांची दयाच यावी. १८६२ साली आलेल्या 'ले मिझराब्ल'चे भाग पाच आणि प्रकरणं ३६५, म्हणजे रोज एक वाचलं तर बरोबर वर्षभराची बेगमी. त्यातही नमनाला घडाभर तेल! कथेचा नायक जाँ व्हालजाँ पहिली चौदा प्रकरणं फिरकतच नाही. तोवर आपण दीन्य नावाच्या आडगावातल्या मिरिएल या म्हाताऱ्या बिशपच्या घरी बसून असतो, आणि ह्यूगो आपल्याला त्याचा जमाखर्च वाचून दाखवतो.

शाळेच्या ग्रंथालयात, खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या पुस्तकात मला हा व्हालजाँ पहिल्यांदा भेटला. ती अर्थातच छोटी आवृत्ती होती, आणि मामांनी तिथे फारच आवरतं घेतलं होतं. पहिल्याच पानावर एक धुळीनं माखलेला दमगीर माणूस संध्याकाळी गावात शिरतो. एकोणीस वर्षं कैद भोगून सुटलेला, म्हणून त्याला कोणी थारा देत नाही. बिशप देतो. रात्री हा त्याच घरातली चांदीची भांडी उचलून पळतो, शिपाई पकडून आणतात, आणि बिशप म्हणतो की भांडी मीच दिली होती, वर हे दोन मेणबत्तीदानही ने. बिशप हा देवमाणूस होता, असं एक वाक्य मध्ये कुठेतरी होतं. माझे डोळे तेव्हाही भरून आले होते. साने गुरुजींनी हीच कथा 'दुःखी' या नावानं मराठीत आणली होती, तेव्हा अशा प्रसंगी डोळे भरून येणं आमच्याकडे रीतसरच मानलं जाई. मात्र देवमाणसानं दिलं यात नवल ते काय, असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटून गेलं. देव देतोच. त्याला कुठे भाडं भरायचं असतं!

पुढे पुष्कळ वर्षांनी संपूर्ण आवृत्ती हाती आली आणि त्या चौदा प्रकरणांत मी पाय पसरून बसलो. तिथे कळलं की या देवमाणसाला भाडं नसलं तरी हिशेब होता. गावात आल्यावर तो शेजारचं इस्पितळ बघायला जातो. पाच-सहा चिंचोळ्या खोल्यांत सव्वीस रोगी दाटीवाटीनं पडलेले, आणि आपण तिघं जण भल्या मोठ्या वाड्यात. काहीतरी चूक झाली आहे, असं म्हणून तो घरं बदलून घेतो. रोगी वाड्यात, बिशप इस्पितळात. वर्षाचे पंधरा हजार मिळायचे, त्यातले एक हजार घरात ठेवून बाकीचे तो वाटून टाकतो. बहीण बापतिस्तीन आणि मोलकरीण मादाम माग्लुआर धरून तिघांचं घर त्या हजारात आणि बहिणीच्या वर्षासनाच्या पाचशेत चालायचं. मग एके दिवशी बिशप गाडीखर्चासाठी तीन हजारांचा भत्ता मागतो. गावातली बडी मंडळी नाकं मुरडतात, शेवटी हाही तसलाच म्हणायचा! घरात मात्र माग्लुआरबाई हरखतात. चला, साहेबांना एकदाची स्वतःची आठवण झाली. संध्याकाळी बिशप खर्चाचा कागद लिहून बहिणीच्या हाती देतो. इस्पितळातल्या रोग्यांना मांसाचं सूप, दीड हजार; उरलेल्यातलं बरंचसं अनाथांना आणि सापडलेल्या मुलांना. गाडीचं चाकसुद्धा त्या कागदावर नाही.

आणि मग, सहाव्या प्रकरणात, घरातल्या सामानाची यादी चालू असताना, तो कोच येतो. म्हणजे येत नाहीच, हीच त्याची गंमत. बापतिस्तीनबाईंच्या मनात फार होतं की बैठकीत एक संच असावा. महोगनी लाकडाचा, हंसाच्या मानेसारख्या वळणाचा, वर फुलं उमटवलेली पिवळी मखमल, सोबत कोच. किंमत निदान पाचशे फ्रँक. त्यासाठी त्या पैसे साठवू लागल्या. पाच वर्षांत जमले बेचाळीस फ्रँक आणि दहा सू. मग त्यांनी तो नाद सोडला.

कोचाचा पुढे कथेशी काडीचा संबंध नाही. त्यावर कोणी बसत नाही, त्याखाली कोणी लपत नाही. संक्षेपकाराची कात्री इथे डोळे मिटून चालते, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझीही चालली असती. तरीही त्या दहा सूंनी मला जे सांगितलं ते 'देवमाणूस' या शब्दानं सांगितलं नव्हतं. भाऊ संत असला की बहिणीच्या वाट्याला काय येतं, ते तिथे लिहिलेलं आहे, तेही कुरकुरीचा एक शब्द न काढता.

चांदीची गोष्ट त्याच प्रकरणात पुढे येते. जुन्या वैभवातले सहा जणांचे काटे-चमचे आणि सूप वाढायची एक पळी एवढंच उरलेलं. शिवाय आजीच्या बहिणीकडून आलेले दोन मेणबत्तीदान, पाहुणा जेवायला असला की पेटवायचे. चांदीच्या चमच्यानं जेवणं सोडणं मला जड जाईल, असं बिशप स्वतःच कबूल करतो. सगळं वाटून टाकलेल्या माणसाचा तेवढा एक शौक शिल्लक होता. व्हालजाँ रात्री उचलतो तो नेमका तोच, आणि सकाळी माग्लुआरबाई कुरकुरतात की कथिलाच्या चमच्याला वास येतो, लोखंडाच्या चमच्याची चव लागते, तेव्हा बिशप म्हणतो, मग लाकडाचे का नकोत? छोट्या आवृत्तीत चांदी जाते. मोठीत माझ्या ओळखीच्या घरातली चांदी जाते. प्रसंग तोच असतो, फक्त त्याची किंमत आपल्याला आधी वाचून दाखवलेली असते.

सगळंच पाल्हाळ असं फळतं, असं मात्र मी म्हणणार नाही. वॉटर्लूच्या लढाईची एकोणीस प्रकरणं आहेत, आणि कथेला लागतं ते शेवटचं, कथेतला खलपुरुष थेनार्दिए प्रेतांचे खिसे चाचपतो ते. पुढे जखमी मारियुस या तरुणाला पाठुंगळी घेऊन व्हालजाँ पॅरिसच्या गटारात उतरतो, आपला जीव टांगणीला लागतो, आणि ह्यूगो सहा प्रकरणं त्या गटारांचा इतिहास सांगत बसतो. शहराची घाण शेतात न घालता समुद्रात सोडून पॅरिस वर्षाला अडीच कोटी फ्रँक बुडवतं, असा हिशेबही मांडतो. मधेच राणीच्या बागेतून नव्हे, पण सरकारी प्राणिबागेतून पळालेल्या एका ओरांगउटानाचा सांगाडा गटारात सापडतो. मी तिथे पानं उलटली आहेत, आणि सांगाडा दिसल्यावर मागेही आलो आहे. नॉर्मन डेनी या इंग्रजी अनुवादकानं १९७६ साली मधला मार्ग काढला. मठांवरचं आणि चोरांच्या बोलीवरचं अशी दोन विषयांतरं उचलून त्यानं पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात नेऊन ठेवली. गुरुजींना आवरतं घ्यायला न सांगता, उरलेले मंत्र जेवणानंतर म्हणा, असं सांगण्यासारखं हे. मला त्यात सभ्यपणा दिसतो. मी पान उलटतो तेव्हा काय सोडलं ते मला ठाऊक असतं, वाटलं तर परत येता येतं. संक्षिप्त पुस्तकात शिवण दिसतच नाही. वाचणाऱ्याला काही कमी पडल्याचं जाणवत नाही, आणि म्हणून तो मागतही नाही.

छोट्या आवृत्तीवर 'संक्षिप्त' असं छापलेलं असतं, पण कधी इतक्या बारीक टाइपात की चष्मा पुसावा लागतो. तेव्हा दुकानात 'ले मिझराब्ल' हाती आली तर मुखपृष्ठावर विसंबू नका. पहिला भाग, पहिलं पुस्तक, सहावं प्रकरण उघडा आणि बेचाळीस फ्रँक दहा सू शोधा. सापडले तर घ्या. वॉटर्लू हवं तर खुशाल गाळा.