निघालोय म्हणजे कुठे? : लग्नाच्या दिवसाची शास्त्रोक्त चेकलिस्ट

इव्हेंट कंपनीत इंटर्न म्हणून लागल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला रंगीत चेकलिस्ट मिळते. तीत ८४ ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन. चौकोनात खूण करायची एवढंच काम, असं वाटून तुम्ही फेब्रुवारीतल्या एका पहाटे पुण्याहून वडगाव रासाईला निघता. मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून ४५ मिनिटांचा, मांडव उसाच्या फडाशेजारी.

पहिला धडा पत्त्याचा. कोणत्याही वेंडरला नुसतं ‘वडगाव’ म्हणू नये. पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव मावळ आहे आणि ड्रायव्हरला त्यातलं सगळ्यात जवळचं आवडतं. ‘शिरूर तालुका, भीमेकाठचं, न्हावरे-मांडवगण भागातलं’ असं सांगावं आणि लोकेशनही पाठवावं. फक्त लोकेशन पाठवलं, तर ते मालकाच्या फोनवर जातं. गाडी चालवणाऱ्याकडे बटणाचा फोन असतो. तेव्हा यादीत मालकाचा नंबर खोडून ड्रायव्हरचा लिहावा. ८४ ओळींत ही ओळ नाही.

दुसरा धडा भाषेचा. वेंडरच्या फोनवर ऐकू येणारे शब्द मराठीच असतात, पण त्यांचे अर्थ वेगळे. ‘निघालोय’ म्हणजे आंघोळ झाली. ‘रस्त्यातच आहे’ म्हणजे गाडी अजून गोडाऊनच्या दारात आहे, पण दार रस्त्यावर उघडतं. ‘पाच मिनिटं’ हे काळाचं माप नाही, ते सांत्वन आहे. ‘माणूस पाठवलाय’ ऐकलं तर मात्र बसून घ्या. माणूस येईल, सामान नाही.

यावर उपाय एकच. ‘कुठे आहात?’ विचारू नका, ‘समोर काय दिसतंय?’ विचारा. आमच्या जनरेटरवाल्याला मी सकाळी ११ वाजता कुठवर आलात म्हणून विचारलं.

“ताई, आलोच की!”

“समोर काय दिसतंय?”

तो थांबला. “मेट्रोचा खांब.”

शिरूर तालुक्यात मेट्रो नाही.

आता उलटं मोजायचं. मुहूर्त ६.४५. त्याआधी वऱ्हाड येणार, म्हणून साउंड चेक ५ वाजता. त्यासाठी लायटिंग आणि एलईडी वॉल ४ ला चालू हवी, म्हणजे जनरेटर ३ ला सुरू. केबल टाकायला, अर्थिंगचा रॉड ठोकून त्याच्या बुडाशी पाणी ओतायला तास-दीड तास, म्हणून गाडी दीडच्या सुमारास मांडवात. रस्ता अडीच तासांचा, वर गाळपाचा हंगाम. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला की अरुंद रस्त्यावर त्याच्यामागून वरातच निघते. तो अर्धा तास धरून निघायची वेळ आली साडेदहा. मेट्रोच्या खांबापाशी साडेदहा केव्हाच वाजून गेले होते. अशा वेळी चिडण्यात पाच मिनिटं घालवावीत (खरी पाच) आणि साउंडवाल्याला सांगावं की केबल आताच टाकून ठेव, जनरेटर आला की फक्त जोडायचा.

जनरेटर ६२ केव्हीएचा, सव्वादोनला आला. तासाला साधारण १० लिटर डिझेल. ३ ते रात्री १० म्हणजे ७० लिटर. टाकी किती भरलीय हे तोंडी ऐकू नये, काडी घालून बघावं. आणि गावातली लाईट व जनरेटर एकाच वायरीत चेंजओव्हरशिवाय कुणाला जोडू देऊ नये. नाहीतर तुमचा करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर चढलेला वायरमन त्याला हात लावतो. इथे विनोद बंद.

पुढे सहा वाजता एलईडी वॉल अचानक मिटली. साउंडवाल्याने जनरेटरवाल्याकडे बोट दाखवलं, जनरेटरवाल्याने आकाशाकडे. वायरीमागे चालत गेले तर टोकाला आचारी! पाण्याची मोटर त्याने आमच्याच बोर्डात खोचली होती. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि वॉल डोळे मिटते. म्हणून आचाऱ्याला सकाळीच वेगळी लाईन द्यावी आणि बाकीचे बोर्ड चिकटपट्टीने बंद करावेत.

मान्यवरांच्या सत्कारांची वेळ चेकलिस्टमध्ये १० मिनिटं लिहिलेली असते. तिला हात लावू नका. शाली मात्र मोजून दहा जास्त आणा. निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या येतच राहतात. मुहूर्त चुकू नये म्हणून भटजींना स्टेजजवळ उभं करावं. माइक कुणाचाही असो, घड्याळ त्यांचंच चालतं. आमच्याकडे अक्षता ७ वाजता पडल्या, म्हणजे वेळेवर.

रात्री १० ला स्पीकर बंद. कायदाच आहे, त्यामुळे डीजेवाल्याशी वाद तुम्हाला घालावा लागत नाही, फक्त उभं राहावं लागतं. मग परतीची मोजणी. चलनावर १२० गाद्या, मांडवात ११८. फडात शोधायला एकट्याने जाऊ नये, या भागात बिबट्या असतो. जनरेटरवाल्याला सोबत घेऊन मी मांडवामागे गेले, तर दोन्ही गाद्या तिथेच सापडल्या. त्यांवर नवरदेवाचे काका झोपले होते. चलनावर मी लिहिलं : ‘२ नग वापरात.’ गादीवाल्याने सही केली.