नवाचा ताळा

शेजारची सातवीतली मुलगी रविवारी सकाळी वही घेऊन येते आणि दारातूनच विचारते, "काका, माझं उत्तर बरोबर आहे का बघा." माझ्या गणितावर तिचा विश्वास आहे, कारण तिने माझं प्रगतिपुस्तक पाहिलेलं नाही. मी चष्मा शोधण्यात जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढतो आणि मग नवाचा ताळा लावतो.

ताळा आमच्या वडिलांनी शिकवला. एका रविवारी गुणाकार होता ३४७ गुणिले २६. मुलीचं उत्तर ९०२२. पहिल्या संख्येतले अंक मिळवायचे: तीन, चार, सात, म्हणजे १४, पुन्हा मिळवले की ५. दुसरीचे ८. पाच आठे चाळीस, त्याचे ४. आता उत्तराचे अंक: नऊ, शून्य, दोन, दोन, म्हणजे १३, त्याचे ४. चाराला चार भिडले. सगळा गुणाकार पुन्हा न करता मी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला.

यात जादू काही नाही. दहा रुपयांतून नऊ काढले तर एक उरतो, शंभरातून नव्व्याण्णव काढले तरी एकच. म्हणजे तीनशेचे नऊ-नऊचे ढीग केले तर शेवटी तीनच उरतात आणि चाळिसाचे चार. संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली की मिळते ती नवाने भागल्यावर राहिलेली बाकी; नऊ उरला तर बाकी शून्य. दोन बाक्यांचा गुणाकार उत्तराच्या बाकीशी जुळला नाही, तर उत्तर चुकलंच. त्यावर अपील नाही.

पण जुळला तर? इथे वडील थांबायचे आणि मी पुढे धावायचो. मुलीने घाईत ९०२२ ऐवजी ९२०२ लिहिलं असतं, तरी अंकांची बेरीज १३च आली असती आणि मी तितक्याच विद्वत्तेने मान डोलावली असती. नवाला अंकांची बेरीज कळते, कोण कुठे बसला हे कळत नाही. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याला दोघांनी जागा बदलल्या, खिडकीतला चौथ्या सीटवर आला आणि चौथ्या सीटवरचा खिडकीत गेला, तरी डब्यातली डोकी तेवढीच. नवाचा ताळा डोकी मोजतो. भांडण कशावरून चाललंय ते त्याला ऐकू येत नाही.

नवाचा हा आंधळेपणा आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी मात्र कामाला लावला आहे. मार्चअखेरीला रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक यांत २७० रुपयांचा फरक आला. कमिटीत लगेच दोन तट पडले आणि एकाने तर 'चौकशी' हा शब्दही उच्चारला. खजिनदार आयुष्यभर कारकुनी केलेले. त्यांनी २७० ला नवाने भागलं, निःशेष भाग गेला, आणि ते म्हणाले, "अंक उलटे पडलेत कुठेतरी." शेजारशेजारचे दोन अंक उलटले की होणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. एकक-दशक उलटले तर नऊच्या, दशक-शतक उलटले तर नव्वदच्या. २७० म्हणजे तीन नव्वद. तेव्हा ज्या नोंदीत शतकाच्या आणि दशकाच्या अंकांत तीनचा फरक आहे, तेवढ्याच बघायच्या. तिसऱ्या पानावर जिन्याच्या दिव्याचं बिल निघालं: १,८५० चे १,५८० लिहिलेले. चौकशी बारगळली. अर्थात फरक नवाच्या पटीत आला म्हणजे अंक उलटलेच असं नाही. नव्वद रुपयांची झाडूची पावती लिहायची राहून गेली तरी फरक नव्वदच येतो. ताळा नुसता संशयितांची यादी लहान करतो.

तर त्या रविवारी मुलीला गुणाकाराचा कंटाळा आला, म्हणून मी तिला आपल्याच भागातली गंमत सांगितली. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. शाळा ठाण्याला झाली आणि पुढे ते देवळालीत शाळामास्तर झाले. त्यांच्या ६१७४ या संख्येने त्यांचं नाव जगभर नेलं, पण आपल्याला अभिमान वाटावा तो डेम्लो संख्यांचा. या संख्यांचा विचार त्यांना सुचला जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावर. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो, आताचं डोंबिवली. त्या फलाटावर आज फक्त 'आत सरका' एवढंच सुचतं.

मी तिला या संख्या वहीत करायला लावल्या. ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. चार एकांचा वर्ग १२३४३२१. एकाखाली एक, एकेक घर सरकवून एकांच्या ओळी मांडल्या, की मधला रकाना सर्वांत उंच होतो आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरतात. नऊ एकांपर्यंत हा जिना सुरेख चालतो: १२३४५६७८९८७६५४३२१.

"मग दहा एकांचं मी न करता सांगते," ती म्हणाली आणि तिने लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. "बरोबर आहे ना, काका?"

मी ताळा लावला. दहा एकांची बेरीज दहा, त्याचा एक. एकाचा वर्ग एक. तिच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ९१, त्याचे दहा, त्याचा एक. जुळलं! मी मान डोलावणार, इतक्यात वडील आठवले. दहा एकांची संख्या एक अब्ज वीस कोटींहून लहान. तिचा वर्ग एकोणीस अंकी भरतो; विसावा अंक त्यात बसायला जागाच नाही. मुलीचं उत्तर वीस अंकी होतं.

झालं काय, तर मधल्या रकान्यात दहा एक आले. दहा एका घरात राहत नाहीत. शून्य लिहायचं आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडे बसला होता नऊ. तो एक मिळताच त्याचेही दहा झाले, म्हणून तिथेही शून्य आणि पुन्हा हातचा एक. पुढच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे गाडी थांबली. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. पायऱ्यांचा जिना मध्येच मोडला, डावीकडचा आठ गायब झाला आणि दोन शून्यं शेजारीशेजारी येऊन बसली. हातच्याचा हा सगळा घोटाळा नवाला दिसलाच नाही, कारण त्याच्या लेखी दहा काय नि एक काय, सारखेच.

वही मिटता मिटता मुलीने विचारलं, "पण काका, तुमचं उत्तर तरी बरोबर कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मग अकराचा ताळा काढला. त्यात उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन वेगळ्या बेरजा करायच्या, म्हणजे कोण कुठे बसला याचाही थोडाफार हिशेब लागतो. दहा एकांच्या संख्येला अकराने पूर्ण भाग जातो, म्हणून तिच्या वर्गालाही जायला हवा आणि दोन बेरजांत अकराच्या पटीचा किंवा शून्याचाच फरक यायला हवा. मुलीच्या उत्तराच्या बेरजा ४६ आणि ४५ आल्या. माझ्या ४१ आणि ४१. तरीही तिने संध्याकाळी बसून दहा ओळींची पूर्ण बेरीज केली, आणि तेच बरोबर केलं.