विशेषणं आत, आडनाव बाहेर

पॉडकास्ट यूट्यूबवर टाकताना कॅमेऱ्याऐवजी एकच चित्र लावायचं, हा काटकसरीचा उत्तम मार्ग. तासभर थिबा राजवाड्याचा तोच फोटो समोर असलेल्या माणसाला मग आधार कशाचा? शीर्षक, पाहुण्याचं नाव आणि विषयांची यादी. नेमकं तिथेच आमच्या रत्नागिरीकर हौशी मंडळींचा हात सैल सुटतो.

समजा, विषय आहे हापूसचं भौगोलिक मानांकन, 2018 साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळालेलं. शीर्षक असं: ‘भाग 7 | काय सांगता!! हापूसच्या नावाखाली चाललंय काय? | ज्येष्ठ, प्रयोगशील, सन्माननीय बागायतदार श्री...’ यूट्यूब 100 अक्षरांवर अडवतं आणि काना-मात्राही त्यात मोजतं. त्यामुळे विशेषणं आत बसतात, आडनाव बाहेर राहतं. मोबाइलवर तर ‘ज्येष्ठ’च्या आसपासच तीन टिंबं येतात. बागायतदाराचं नाव टाकून शोधणाऱ्याला भाग सापडणार कसा?

खाली यादी: ‘02:15 दिलखुलास गप्पा, 18:40 धमाल किस्से, आणि बरंच काही.’ पहिली नोंद 00:00 नसल्यामुळे व्हिडिओच्या पट्टीवर भाग पडतच नाहीत. खरं तर अट साधी: चढत्या क्रमाने वेळेच्या किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. शिवाय ते ‘धमाल किस्से’ म्हणजे कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत कसा शिरतो, याची सविस्तर हकिगत! तसं लिहिलं असतं, तर ऐकणारा थेट तिथेच उतरला असता.

पण मग पहिल्या दोन मिनिटांतला शाल-श्रीफळाचा कार्यक्रम कोणी ऐकायचा?